‘मला जरा स्पेस हवी आहे’: साखरपुड्यानंतरचा दुरावा ओळखायचा कसा

साखरपुडा होऊन तीन दिवस झालेत. आधी रात्री तासभर चालणारा फोन आता दहा मिनिटांत आटोपतो. मेसेजला ‘हम्म’ आणि ‘बघू’च्या पलीकडे उत्तर येत नाही. आणि बुधवारी समोरून वाक्य येतं, ‘या शनिवार-रविवारी नको भेटूया, मला जरा स्पेस हवी आहे.’ भांडण झालेलं नसतं. उलट रविवारी सगळं इतकं छान झालेलं असतं की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळाच येतो.

या एका वाक्यामागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक म्हणजे खरीखुरी दमणूक: माणसांचा, बोलण्याचा, समारंभाचा शीण आलाय आणि थोडं एकटं राहायचंय. दुसरी म्हणजे जवळीक वाढली म्हणूनच मनात वाजलेली धोक्याची घंटा. हिला मानसशास्त्रात अव्हॉयडंट माघार म्हणतात. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. आणि मेख अशी की आतूनही जवळजवळ सारख्याच वाटतात. माघार घेणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याला खरंच गुदमरल्यासारखं होत असतं. म्हणून ‘तुला खरंच स्पेस हवी आहे का?’ असं विचारून काही निष्पन्न होत नाही. उत्तर प्रामाणिकपणे ‘हो’ असंच येणार.

मग बघायचं कुठे? याचं उत्तर एका जुन्या प्रयोगात सापडतं, आणि तो लहान मुलांवरचा आहे.

आई आणि मूल यांच्यातल्या बंधाचा सिद्धांत ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडला. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेत बाल्टिमोर इथे साधारण वर्षभराच्या मुलांवर एक प्रयोग केला. अनोळखी खोली, थोडी खेळणी, मूल आणि आई. मग आई बाहेर जाते, थोड्या वेळाने परत येते, पुन्हा जाते, पुन्हा येते. सगळा प्रकार वीसेक मिनिटांचा. सगळ्यांचं लक्ष साहजिकच आई गेल्यावर मूल किती रडतं याकडे असणार. पण मुलांमधला फरक सर्वांत स्पष्ट दिसला तो आई परत आल्यावर. काही मुलं रडून गोंधळ घालायची, पण आई आली की तिला बिलगायची आणि थोड्या वेळात पुन्हा खेळायला लागायची. काही मुलं मात्र आई आली तरी वळून बघायची नाहीत. खेळण्यात मान घालून बसायची, आईने उचललं तर अंग वळवून घ्यायची. बघणाऱ्याला वाटेल, काय शहाणं, समजूतदार मूल आहे!

पुढे 1977 मध्ये संशोधकांनी अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजलेले प्रसिद्ध केले. खेळण्यात रमल्यासारखं दाखवणाऱ्या मुलाचे ठोके वाढलेले होते. म्हणजे आतून ते शांत नव्हतंच, फक्त शांत दिसायला शिकलं होतं. जवळ जाऊ पाहिलं की झिडकारलं जातं, असं ज्या मुलाच्या वाट्याला वारंवार येतं, ते मागणंच बंद करतं. मागितलं नाही तर निदान आई आसपास तरी राहते, हा त्याने केलेला सौदा असतो, आणि त्या वयात तो अगदी शहाणपणाचा असतो.

मोठ्या माणसांच्या प्रेमसंबंधांतही हा बंध काम करतो, हे मांडणारं पहिलं गाजलेलं संशोधन 1987 सालचं, सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांचं. तेव्हापासून यावर ढिगाने काम झालं आहे, आणि इंटरनेटवर त्याचा ढिगाने चुराडाही झाला आहे. ‘तुम्ही अव्हॉयडंट आहात का? दहा प्रश्नांत ओळखा’ छापाच्या चाचण्या सोडून द्या. आज संशोधक माणसांना कप्प्यांत टाकत नाहीत. जवळीक टाळण्याची प्रवृत्ती प्रत्येकात कमी-जास्त असते असं ते मानतात आणि ती एका पट्टीवर मोजतात. एन्सवर्थ यांच्या प्रयोगातून आपल्याला एवढंच उचलायचं आहे: दूर जाण्याकडे कमी बघा, परत येण्याकडे जास्त बघा.

आता एक उदाहरण घेऊ. अनुजा आणि केदार. दोघंही मी रचलेले, पण तुमच्या ओळखीत कुठे ना कुठे सापडतील. अनुजा नाशिकची, नोकरीला पुण्यात, दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅटमध्ये राहते. केदार ठाण्याचा. आठ-नऊ महिन्यांची ओळख, दोन्ही घरं राजी, रविवारी नाशिकला साखरपुडा. बुधवारी अनुजाने वर दिलेलं वाक्य टाइप केलं. इथपर्यंत दोन्ही गोष्टी सारख्या. इथून फाटे फुटतात.

पहिला फाटा. रविवारी ऐंशी माणसं, सकाळपासून अंगावर शालू, प्रत्येक मावशी-आत्याला वाकून नमस्कार. सोमवारी पहाटेची बस पकडून ती पुण्यात, तिथून थेट ऑफिसात. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत होणाऱ्या सासूबाईंचा फोन: पैठणी येवल्याची घ्यायची की पुण्यातच बघायची? दोन्ही घरांचा मिळून ‘लगीनघाई’ नावाचा ग्रुप सुरू झालाय आणि त्यावर पहाटेपासून सुप्रभात. फ्लॅटवर मैत्रिणींना फोटो बघायचेत. बुधवारी तिला कुणाचाच आवाज नकोसा होतो. आईचा फोनही ती ‘नंतर करते गं’ म्हणून ठेवते. शनिवारी दहापर्यंत झोपते, साठलेले कपडे धुते, संध्याकाळी एकटीच टेकडीवर जाते. टेकडीवर एक आजोबा आपल्या कुत्र्याशी शुद्ध पुणेरी भाषेत वाद घालत असतात. तिला हसू येतं आणि पहिला विचार येतो, हे केदारला सांगायला हवं. रविवारी रात्री ती स्वतःहून फोन करते. कुत्र्याचा किस्सा सांगते, मग म्हणते, ‘त्या दिवशी तू बाबांबद्दल जे बोलत होतास ना, ते अर्धंच राहिलं.’

दुसरा फाटा. साखरपुड्याच्या रात्री पाहुणे पांगल्यावर दोघं गच्चीवर बसलेले असतात. केदार पहिल्यांदाच वडिलांच्या आजारपणाबद्दल मोकळेपणाने बोलतो, बोलता बोलता रडतो. अनुजाही कुणालाच न सांगितलेलं काहीतरी सांगते. तो क्षण खराच असतो, तिलाही आवडलेला असतो. मंगळवारी तिला अचानक जाणवतं की केदार दर दुसऱ्या वाक्यात ‘म्हणजे कसं आहे ना’ म्हणतो. इतके महिने तिला हे गोड वाटत होतं, आता कानाला टोचायला लागतं. बुधवारी कॉलेजमधल्या एका जुन्या मित्राची आठवण येते, त्याच्याबरोबर सगळं किती सोपं होतं असं वाटतं. (सोपं होतं, कारण ते कधी पुढे गेलंच नव्हतं.) गुरुवारी ती बंगळुरूच्या नोकऱ्या बघते. गुरुवारी आणि शुक्रवारी ऑफिसच्या मंडळींबरोबर रात्री उशिरापर्यंत जेवण, गप्पा, मजा. शनिवारी सुटल्यासारखं वाटतं. रविवारी तीही फोन करते, पण बोलणं हॉल, केटरर आणि पत्रिकेचा मजकूर यांतच फिरतं. केदार गच्चीवरचा विषय काढतो, तर ती म्हणते, ‘अरे ते सोड ना आता.’

दोन्ही अनुजांनी तेवढीच स्पेस मागितली, एकच शनिवार-रविवार. अंतर किती दिवसांचं होतं यावरून काहीच कळत नाही. कळतं ते तीन ठिकाणी.

पहिलं ठिकाण: माघार कोणापासून आहे? पहिल्या अनुजाला सगळ्यांचाच वीट आला होता, आईसकट. दुसरीकडे उत्साह भरपूर होता, फक्त एका माणसासाठी नव्हता. शीण माणूस बघून येत नाही. रात्री बारापर्यंत मित्रांत रमणाऱ्याला जोडीदाराचा दहा मिनिटांचा फोन जड जात असेल, तर तो थकवा नाही. अर्थात इथे घाई नको. मित्रांबरोबरच्या गप्पांत काही पणाला लागलेलं नसतं, म्हणून त्या कमी दमवतात, हेही खरंच. एका गुरुवारवरून निकाल लावू नये.

दुसरं ठिकाण सगळ्यांत बोलकं आहे: दूर असताना समोरच्या माणसाचं मनातलं चित्र कसं होतं? खरी स्पेस घेणाऱ्याच्या मनात जोडीदार जसा होता तसाच राहतो. थोडा विसरला जातो, पण बिघडत नाही. अव्हॉयडंट माघारीत तो एकाएकी कमअस्सल दिसायला लागतो. त्याचं हसणं, चपलांची आवड, फोनवर बोलायची पद्धत, सगळं खटकतं. संशोधक याला बंध निष्क्रिय करण्याच्या युक्त्या म्हणतात. दोष मोठे करून बघणं, जुन्या नात्याला सोन्याचा मुलामा देणं, भविष्यातल्या एखाद्या निर्दोष माणसाची वाट बघणं, स्वतःला ‘मी मुळातच एकट्याने राहणारी आहे’ असं सांगणं, या सगळ्यांचं काम एकच: गरज वाटेनाशी करणं. यातला कळीचा मुद्दा वेळेचा आहे. दोष खरे असतील तर ते सहाव्या महिन्यातही दिसले असते. गच्चीवरच्या रात्रीनंतर अठ्ठेचाळीस तासांत यादी तयार झाली असेल, तर त्या यादीकडे संशयाने बघायला हवं.

तिसरं ठिकाण म्हणजे एन्सवर्थ यांचं, परतणं. पहिली अनुजा जिथे सोडलं होतं तिथेच परत आली, किंबहुना अर्धा राहिलेला विषय तिनेच काढला. दुसरी परत आली ती दोन पायऱ्या खाली. बोलणं सुरू झालं, पण नातं गच्चीच्या आधीच्या जागी गेलं, आणि गच्चीचं नाव काढणंही नको झालं. खेळण्यात मान घालून बसलेलं मूल आठवा. आई परत आल्याचं त्याला कळलेलं असतं, पण ते तसं दाखवत नाही.

मग एक आणखी गंमत होते. केदार दुखावतो आणि तोही गप्प बसतो. चार-पाच दिवस त्याचा मेसेज येत नाही. आणि अनुजाला एकदम त्याची ओढ लागते, ‘म्हणजे कसं आहे ना’सकट. ती आपणहून ठाण्याला जाऊन येते, दोन दिवस फार सुंदर जातात, आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. हे चक्र दिसलं तर शंकेला फारशी जागा उरत नाही. थकलेल्या माणसाला विश्रांती मिळाली की ओढ परत येते. अव्हॉयडंट माघारीत ओढ परत येते ती समोरचा लांब गेल्यावर, कारण आता जवळ येण्याचा धोका उरलेला नसतो.

एक प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. 1992 मध्ये अमेरिकन संशोधक जेफ्री सिम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रियकर-प्रेयसींच्या जोड्या बोलावल्या. मुलीला सांगितलं, थोड्या वेळाने तुझ्यावर असा एक प्रयोग करणार आहोत की बहुतेकांना तो भीतीदायक वाटतो. काय करणार ते सांगितलं नाही, फक्त उपकरणांनी भरलेली अंधारी खोली दाखवली. मग दोघांना पाच मिनिटं एकत्र बसवून त्यांचं चित्रीकरण केलं. ज्या मुली बंधाच्या बाबतीत निर्धास्त होत्या, त्या जितक्या घाबरल्या तितक्या जोडीदाराकडे जास्त वळल्या. जवळीक टाळणाऱ्या मुलींचं उलट झालं: भीती जितकी जास्त, तितका आधार मागणं कमी. भीती थोडी असताना मात्र त्याही जोडीदाराकडे वळत होत्या. म्हणजे अशी माणसं कायम थंड असतात असं नाही. रोजच्या, हलक्या दिवसांत ती छान प्रेमळ असतात, आणि नेमकी गरज वाढली की आत ओढून घेतात. साखरपुडा, पहिल्यांदा ‘तुझ्यावर प्रेम आहे’ म्हणणं, एकाच घरात राहायला लागणं, आजारपणात एकमेकांना सांभाळणं, हे सगळे गरज वाढवणारे क्षण. म्हणूनच नऊ महिने सुखात गेले आणि साखरपुड्यानंतरच काय झालं, या प्रश्नातच त्याचं उत्तर आहे.

आपल्याकडे या चित्रात आणखी एक पदर असतो, जो पाश्चात्त्य लेख वाचून कळत नाही. साखरपुड्याने दोन माणसं जवळ येतात आणि त्याच दिवशी दोन्हीकडची पन्नास माणसंही जवळ येतात. त्यांचा गजबजाट आणि जोडीदाराची जवळीक यांतला फरक त्या व्यक्तीला स्वतःलाही पटकन करता येत नाही. शिवाय कित्येकांनी आयुष्यात स्वतःची खोली अशी पाहिलेलीच नसते. दोन खोल्यांत सहा जण असं बालपण गेलेल्याला पुण्यातल्या फ्लॅटवर पहिल्यांदा दार लावायला मिळतं, आणि वर्षभरात लग्न ठरतं. त्याने ‘मला अजून थोडं एकटं राहायचंय’ म्हटलं तर तो आजार नव्हे. याची परीक्षा सोपी आहे. गजबजाट काढून घेऊन बघा. ग्रुप म्यूट, सासरचे फोन थेट न येता केदारमार्फत, आणि दोघांनीच एखादी संध्याकाळ, विषयांत लग्न नाही. कळी खुलली तर त्रास पन्नास माणसांचा होता. त्या शांत संध्याकाळीही बोलणं मनाकडे वळलं की अंग आक्रसत असेल, तर गजबजाट हे निमित्त होतं.

तुम्ही स्वतःच स्पेस मागणारे असाल तर गोष्ट अवघड आहे आणि सोपीही. अवघड, कारण ‘मला गुदमरतंय’ ही भावना दोन्ही ठिकाणी एकच असते. सोपी, कारण मनातलं चित्र फक्त तुम्हालाच दिसतं. एकटं असताना काय करता ते बघा. वाचता, झोपता, भटकता, की बसून समोरच्याविरुद्धची केस तयार करता? एकटं राहिल्यावर भरून येता, की नुसतं सुटल्यासारखं वाटतं? आणि शेवटचं: कधीपर्यंत हवं ते सांगता येतं का? थकलेला माणूस साधारण सांगू शकतो, ‘रविवारपर्यंत दे.’ अव्हॉयडंट माघारीत तारीख द्यायलाच नको वाटतं. तारीख दिली की पुन्हा बांधल्यासारखं होतं, आणि सुटका तर बांधलेपणापासूनच हवी असते.

ऐकणाऱ्यालाही यातून एक हत्यार मिळतं. ‘हो चालेल, घे वेळ. रविवारी रात्री बोलूया का?’ एवढंच लिहायचं, आणि रविवारपर्यंत खरंच शांत राहायचं. आला का फोन ते बघायचं, आणि आल्यावर बोलणं कुठून सुरू होतं तेही. हे म्हणायला सोपं आहे. प्रत्यक्षात केदार बुधवारी रात्रीच सहा मेसेज टाकतो: माझं काही चुकलं का, तुला दुसरं कुणी आवडतं का, आईने काही विचारलं तर काय सांगू. यानंतर अनुजा गप्प झाली तर ती कशामुळे, हे कुणालाच कळणार नाही. साध्या स्पेसच्या मागणीवर पाठलाग सुरू झाला की चांगला निर्धास्त माणूसही मागे सरकतो. दुराव्याचा अर्थ लावायचा असेल तर निदान एकदा तरी तो दुरावा विनाशर्त देऊन बघावा लागतो.

काही गोष्टी या दोन्हींत बसत नाहीत. नैराश्यात माणूस सगळ्यांपासून लांब जातो आणि एकटं राहूनही ताजातवाना होत नाही. झोप, भूक, कामातलं मन, सगळंच ढासळतं. तिथे नात्याचं विश्लेषण करत बसण्यापेक्षा डॉक्टर गाठावा. अबोला धरून शिक्षा करणं हेही वेगळं. त्यात समोरच्याने नमावं हा हेतू असतो, आणि माफी मिळताच अबोला सुटतो. आणि कधी कधी माणसाला खरंच हे लग्न नको असतं, पण हॉल बुक झाल्यावर म्हणवत नाही. खऱ्या नकारातही दोष दिसतात, मात्र ते केदार पाच दिवस लांब गेला म्हणून विरघळत नाहीत.

दुसऱ्या फाट्यावरच्या अनुजा आणि केदारने काय करावं? ‘तू अव्हॉयडंट आहेस’ असं केदारने म्हणू नये. त्याने ती आणखी आत जाते, आणि तो निदान करायला बसलेलाही नाही. घडलेलं सांगावं: ‘गच्चीवर बोललो, त्यानंतर दोन दिवसांत तू लांब गेलीस. मी गप्प बसल्यावर परत आलीस. ठाण्याच्या भेटीनंतरही असंच झालं. तुला असं दिसतंय का?’ तिला दिसत असेल तर पुष्कळ करता येतं. जवळीक थोडी थोडी वाढवता येते. मोठ्या रात्रीनंतरचा दिवस आधीच मोकळा ठेवता येतो. ‘मला आत ओढल्यासारखं होतंय, तुझं काही चुकलेलं नाही’ हे एक वाक्य ठरवून ठेवता येतं. जोडप्यांबरोबर काम करणाऱ्या समुपदेशकाकडे जाता येतं. ही प्रवृत्ती दगडावरची रेघ नसते, निर्धास्त जोडीदाराबरोबर वर्षानुवर्षं राहून ती सैल होते. फक्त मुहूर्ताच्या आत होईलच असं नाही. तिला दिसतच नसेल आणि चक्र तिसऱ्यांदा फिरलं असेल, तर दोन्ही घरांना सांगून तारीख पुढे न्यावी. हॉलची आगाऊ रक्कम बुडेल, आणि ‘लगीनघाई’ ग्रुपवर आठवडाभर चर्चा चालेल.